चंपाबाईची चादर

मी जन्मापासून आंधळी आहे आणि लोकांच्या वेबसाइट तपासते. औरंगपुऱ्यात मिठाईच्या दुकानावर आमचं ऑफिस आहे. माझ्या फोनमधली बाई पडद्यावरचं सगळं वाचून दाखवते, मी ऐकते आणि कुठं काय चुकलं ते सांगते. ऑफिसात मला तापट म्हणतात. दिवसभर कुणी तुमच्या कानात ‘बटण, बटण, बटण’ म्हणत बसलं तर तुम्हीही तापट व्हाल.

विशाखा माझ्या शेजारच्या टेबलावर बसते आणि साइट बांधते. पोरगी गुणी, पण प्रेमात पडली की हात आखडत नाही. त्या महिन्यात ती सासऱ्यांच्या प्रेमात होती. तिचे सासरे कडुबा काका यांचा फर्दापूरला फोटो स्टुडिओ होता. अजिंठ्याला येणाऱ्या माणसांचे फोटो काढण्यात त्यांची उमर गेली. मग काचबिंदू झाला, दोन्ही डोळे गेले आणि मुलगा-सून त्यांना शहरात, क्रांती चौकामागच्या घरी घेऊन आले. तेव्हापासून माणूस खिडकीशी बसून असायचा. विशाखानं त्यांच्या जुन्या फोटोंची साइट करायला घेतली होती, म्हणजे काकांना स्वतःचं काम निदान ऐकता तरी येईल. ती साइट रविवारी संध्याकाळी सुरू व्हायची होती, म्हणून दुपारी मी त्यांच्या घरी गेले.

“जय भीम, काका,” मी म्हणाले.

“जय भीम. ये पोरी. तूच सांग हिला. ती फोनमधली बाई लई बडबडती. सोन्याची रेघ, सोन्याची रेघ! मी कव्हा सोनं विकलंय?”

मी फोन घेतला आणि ऐकलं. ‘सोनेरी नक्षीची सुंदर रेघ.’ मग एक फोटो. पुन्हा ‘सोनेरी नक्षीची सुंदर रेघ.’ ‘फोनचं निळं चित्र’, आणि त्याला लागूनच ‘फोन करा’. एका फोटोपर्यंत पोचेस्तोवर मला स्वतःला फोन खिडकीबाहेर फेकावासा वाटला.

“विशाखा, ही रेघ कशाला?”

“शोभेला. प्रत्येक फोटोच्या मध्ये आहे. तुमच्यासाठीच लिहिलं हो रूपाताई, काही सुटू नये म्हणून.”

“शोभा बघणाऱ्यांना. मला ती ऐकून काय मिळतं? चित्रामागं या बाईला वाचायला जो मजकूर लिहितेस, तो रेघेचा रिकामा ठेव. फोनच्या चित्राचाही. शेजारी ‘फोन करा’ लिहिलंय, तेवढं पुरे. खालचं व्हॉट्सअ‍ॅपचं चित्र मात्र एकटंच आहे आणि ते दाबता येतं, तिथं ‘व्हॉट्सअ‍ॅपवर लिहा’ असं हवं.”

तिनं खटाखट कळा दाबल्या. मी पुन्हा ऐकलं आणि फोनमधली बाई म्हणाली, ‘गोल्ड लाइन फायनल टू पीएनजी.’

काका खो खो हसले. त्या घरी मी त्यांना पहिल्यांदाच हसताना ऐकलं.

“अगं, मजकूर रिकामा ठेव म्हटलं, ती जागाच काढून टाक नाही म्हटलं! जागा ठेवून आत काही लिहिलं नाहीस, तर फोन समजतो की हे सोडून द्यायचं. जागाच नसली तर तो गोंधळतो आणि हाताला लागेल ते, फाइलचं नावसुद्धा वाचतो.”

विशाखानं निमूटपणे जागा परत दिल्या आणि कोऱ्या ठेवल्या. आता फोटोमागून फोटो सरळ येऊ लागले. ‘लेण्यांच्या पायऱ्यांवर टोपी धरून बसलेला म्हातारा, वाऱ्यानं धोतर उडतंय.’ काका पुढं सरकून बसले. “तो भुसावळचा मास्तर. टोपी गेली हुती दरीत, पोरांनी आणून दिली.” पुढचा फोटो, त्याची गोष्ट, मग त्याच्या पुढचा. विशाखानं खरंच चांगलं लिहिलं होतं, थोडक्यात आणि नेमकं. खिडकीशी बसून राहणारा माणूस घडाघडा बोलत होता, आणि मला लई बरं वाटलं.

मग ‘स्टुडिओविषयी’ हे पान आलं. त्यावर एकच फोटो होता. फोनमधली बाई म्हणाली, ‘अंगणात चादर वाळत घालणारी महिला.’

काकांनी ती ओळ पुन्हा लावायला लावली.

“कोण महिला?” त्यांनी विचारलं.

“मामा, त्या आत्याबाई आहेत,” विशाखा हळूच म्हणाली. तिच्या लग्नाआधीच चंपाबाई वारल्या होत्या. तिनं सासू पाहिली ती फोटोतच. “स्टुडिओच्या पानावर त्यांचा फोटो असावा असं वाटलं.”

“चादर वाळत घालती?”

“तसंच दिसतंय, मामा.”

“मग त्या रेघेवानी कर. रिकामं ठेव. खोटं बोलण्यापरीस त्या फोनमधल्या बाईनं गप बसावं.”

“बरं मामा,” विशाखा म्हणाली. तिची बोटं कळांवर गेली होती. मी ती ऐकली.

“थांब,” मी म्हणाले. मग काकांकडे तोंड केलं. मला राग आला होता आणि मी तो लपवला नाही. “काका, रिकामं म्हणजे गप्प बसणं नव्हे. रिकामं म्हणजे इथं सांगण्यासारखं काही नाही. रेघेला ते बरोबर आहे. पण या पानावर तुम्ही रिकामं ठेवलंत तर डोळस माणसाला चंपाबाई दिसतील आणि मला तिथं कुणी होतं हेच कळणार नाही. तुम्हालासुद्धा नाही. उद्या तुम्ही हे पान लावलंत की बाई वरची ओळ वाचेल, खालची ओळ वाचेल, आणि मध्ये तुमची बायको नसेल. चालेल तुम्हाला?”

विशाखानं नाक पुसलं. मला वाटलं, आपण जरा जास्तच बोललो.

“ती चादर वाळत घालत नव्हती,” काका म्हणाले. “उजेड धरत हुती.”

“म्हंजे?” विशाखानं विचारलं.

“दुपारी गिऱ्हाइकाच्या तोंडावर सावली पडती. डोळ्याखाली काळं येतं. मंग समोरून पांढरी चादर ताणून धरायची, तिच्यावरचं ऊन तोंडावर जातं. सगळ्या फोटोंत उजेड तिचा हाय. मी नुसता खटका दाबायचो. हा फोटो काढला त्या दिशी गिऱ्हाईक पाणी प्यायला गेलं. ही तशीच उभी. चादरीवरून बघून म्हटली, किती येळ धरू आजून? मी कॅमेरा फिरवला. म्हटलं, हलू नको.”

विशाखा आता उघड रडत होती. “मामा, मला कसं कळणार होतं?”

“तुला नाय कळणार. तू काय केलंस वाईट? मला इचारायचं हुतं, येवढंच.”

“मग आता सांगा,” मी म्हणाले. “लांबण नको. फोटो आहे असंही म्हणायचं नाही, ते बाई आपणहून सांगते. हा फोटो या पानावर कशासाठी आहे, तेवढं आलं पाहिजे.”

काकांनी तीनदा सांगितलं आणि तिन्हीदा शब्द कमी केले. विशाखानं लिहिलं आणि फोन त्यांच्या हातात दिला. त्यांचं बोट काचेवर चाचपडत सरकलं. मी मदत केली नाही.

‘स्टुडिओविषयी,’ फोनमधली बाई म्हणाली. मग, ‘चंपाबाई गिऱ्हाइकाच्या तोंडावर उजेड पाडायला पांढरी चादर ताणून उभी आहे, आणि चादरीवरून कॅमेऱ्याकडे बघत हसू दाबते आहे.’

मी कधी उजेड पाहिलेला नाही. पण चंपाबाई मला समजल्या.

काकांचं बोट पुढच्या ओळीवर गेलं नाही. त्यांनी ते तिथंच दाबून धरलं आणि फोनकडे वाकून हळूच म्हणाले, “हलू नको.”