लाल थेंब

दिवेलागण झाली की अलेक्झांड्रियाच्या त्या वॉर्डात दुधाळ पिशवी यायची, इन्शिराहच्या छातीतल्या नळीला जोडली जायची आणि पहाटेपर्यंत थेंबथेंब ठिबकायची. तेच तिचं जेवण. रक्ताच्या गुठळीने आतडं काळं पडलं, डॉक्टरांनी ते बरंचसं कापून टाकलं. उरलेलं वीतभर आतडं खालच्या जाड आतड्याला जोडलं. खाल्लेलं अंगी लागेना, पोटातून नुसतं वाहून जाई. आणि ही पिशवी घरी देत नाहीत. म्हणून ऋतू उलटले तरी ती खिडकीतला समुद्रच बघत होती.

"उरलेलं आतडं शिकतंय," डॉक्टर बुतरुस म्हणाले. "तोंडाने घास घेत राहिलात, म्हणून. आज रात्री पिशवी बंद. सकाळी वजन आणि लघवी ठीक असली, तर गुरुवारी लेकीच्या लग्नाला जा. एका रात्रीपुरतं."

लेकीच्या, नव्वाराच्या साखरपुड्याला इन्शिराहने एक पेला शरबत घेतलं होतं, शकुनाचं. साखरेने पाणी आतड्यात ओढलं, रात्रभर ती संडासाच्या दारातच होती. वजन उतरलं, आणि पिशवी कमी करायची गोष्ट कित्येक आठवडे लांबली.

आज तिन्हीसांजेला विहीणबाई उम्म हाशिम, म्हणजे नवरदेव हाशिमची आई, हजर! हातात गडद लाल शरबताची बाटली, मागे चार बायका.

"घ्या विहीणबाई! लग्नाचं शरबत नाकारलं तर पोरांच्या संसाराला दृष्ट लागते."

"आई, नको," उशाशी बसलेली नव्वारा कुजबुजली.

"का गं? आमच्या शरबतात विष आहे का?"

बायका हसल्या. इन्शिराहला वाटलं, नळी नाही तर ही रीत, बांधणारे हात बदलतात एवढंच. नाही म्हणावं तर लेकीला सासरी ऐकावं लागेल. हो म्हणावं तर लग्नाच्या दिवशीही खिडकीतला समुद्रच बघायचा.

उशाशी मीठ-साखरेचं मोजून केलेलं पाणी होतं, डॉक्टरांनी दिलेलं, पेयांत तेवढंच तिच्या आतड्याला पचणारं. तिने ते पेल्यात ओतलं.

"ओता की यात. एक थेंब!"

"एवढंच? माझ्या हाशिमचं एवढंच कौतुक?"

"रंग तर आला ना, बाई!" इन्शिराह म्हणाली. "उद्या हाशिम जावई म्हणून माझ्या हातचं जेवायला येईल, तेव्हा कौतुक कमी पडलं तर राग काढा."

पुन्हा हशा. पाणी फिकट लाल झालं. इन्शिराह घोट घोट, हळू प्यायली. खारट. विहिणीने लग्नातल्या रिवाजाप्रमाणे जीभ भरभर हलवत आनंदाचा लांब आवाज काढला, वॉर्डभर घुमला तो.

सकाळी वजनाचा काटा खाली उतरला नाही. लघवीही भरपूर.

"गुरुवारी जा," डॉक्टर म्हणाले. "शुक्रवारी दिवेलागणीला परत."

"आणि पिशवी?"

"वाट बघतेय. आठवड्यातून एक रात्र सुटली आहे. दुसऱ्या रात्रीचं आतड्याला विचारू."

नव्वाराने आईच्या तळव्यावर मेंदीचा छोटा गोल काढला. इन्शिराह मूठ मिटून बसली. बाहेर समुद्र होता, खिडकीला गज होते.