वर्षअखेरचा फोन

डीलर मेळाव्याचं भाषण रंग कंपनीचे विक्रीप्रमुख दरवर्षी स्वतःच लिहीत, आणि एरवी चहा निवायच्या आत लिहून मोकळे होत. यंदा मात्र घोडं अडलं होतं. ठरलेलं मार्जिन आठ टक्क्यांवरून पाचवर येणार होतं. टार्गेट गाठणाऱ्याला वर चार टक्के. आता टार्गेट कसं ठरवायचं? तर गेल्या वर्षी कंपनीने डीलरला जेवढं बिल फाडलं, त्याच्यावर पंधरा टक्के वाढ. गोम तिथेच होती.

हे साहेब तरुणपणी दारोदार ऑर्डरी घेत हिंडायचे, तेव्हा नदीपलीकडच्या एका दुकानात जरा जास्तच वेळ बसायचे. दुकानदाराच्या मुलीवर त्यांचा जीव जडला होता. मग बदली आली, बढती आली आणि बोलायचं ते राहूनच गेलं. वडिलांमागे दुकान तिने एकटीने सांभाळलं. साहेबांनीही संसार मांडला नाही. दोघांत उरला तो वर्षअखेरचा एक फोन. कंपनीचा आकडा भरत नाही, थोडा माल उचलता का, एवढंच साहेब विचारत. आणि त्या एवढ्याशा बोलण्यावर वर्ष काढत. ती दरवेळी उचलायची. गेल्या वर्षी तर गोदामात पाय ठेवायला जागा उरली नव्हती. ते डबे अजून पडून होते, आणि त्या फुगलेल्या बिलावरच तिचं टार्गेट बसत होतं. ते तिला झेपणारं नव्हतं, आणि नुसत्या पाच टक्क्यांत दुकानाला टाळंच लागलं असतं.

मेळाव्याच्या दिवशी सकाळीच साहेब कंपनीच्या मालकांपुढे जाऊन बसले. एका दुकानासाठी नियम बदलायचा का, असं मालकांनी विचारलं. साहेब म्हणाले, सगळ्यांसाठीच बदला; दुकानातून गिऱ्हाइकाला गेलेला माल धरा, आपलं बिल नको. बरीच घासाघीस झाली. पंधराचे अठरा झाले, पण मालक कबूल झाले.

सभागृहात पाच टक्के ऐकून कुजबुज उठली, पुढचं ऐकून ती निवली. यापुढे वर्षअखेरीला कुणाच्याही गळ्यात माल मारला जाणार नाही, असं साहेबांनी सांगितलं तेव्हा टाळ्या थांबेनात. तिसऱ्या रांगेत ती तेवढी हात मांडीवर ठेवून बसली होती.

जेवणाआधीच्या चहाला ती स्वतःहून जवळ आली.

"म्हणजे आता फोन येणार नाही."

"आता गरजच पडणार नाही," साहेब म्हणाले. फोन असाच करेन, गरज नसताना करेन, हे ओठांवर येऊन तिथेच राहिलं.

तिने कपातला चहा संपवला. मग रिकामा कप टेबलावर ठेवत म्हणाली, "मला तरी तो माल कुठे हवा होता?"

आणि ती बाकीच्या डीलरांबरोबर जेवायच्या रांगेत जाऊन उभी राहिली.