आग्रहाची पाचवी जिलबी

धाकट्या बहिणीच्या, मीराच्या लग्नात जिलबी किती करायची हे ठरवताना शरच्चंद्रने आचाऱ्यालाच अर्थशास्त्र शिकवलं. घाटकोपरच्या एका कॉलेजात तो अकरावी-बारावीला हा विषय शिकवायचा, आणि मास्तर माणसाला समोर दोन कान दिसले की राहवत नाही. दादू आचारी विडी विझवून ऐकत बसला. पहिल्या जिलबीला जीव तृप्त होतो, तिला दहा गुण देऊ. दुसरीला सात, तिसरीला चार. चौथीला कसेबसे दोन, पाचवीला एक. सहावीला शून्य, आणि त्यापुढे खाल्लीच तर पोटात मळमळ. एकूण समाधान वाढत जातं हे खरं, पण दर जिलबीमागे पडणारी भर कमी कमी होत जाते. तेव्हा पानामागे तीन जिलब्या पुरे. एखादा खवय्या पाच खाईल, तर एखादी म्हातारी एकीवर थांबेल.

दादूला हिशेब पटला. तो इतकंच म्हणाला की गिऱ्हाईक सांगेल तेवढा मैदा भिजवायचा, आपल्याला काय.

हिशेब चुकीचा नव्हता. माणूस चवीने किती खाईल, हे त्यात बरोबर आलं होतं. पण मराठी लग्नात माणूस चवीने खातो असं कुणी सांगितलं? तिथे आग्रह नावाची एक गोष्ट असते, आणि ती शरच्चंद्रच्या फळ्यावर कधी आली नव्हती.

जिलबी त्याने हट्टाने ठेवली होती. मामा म्हणत होता, बुंदीचा लाडू करा, हातात एक दिला की विषय संपला. पण जिलबी आत्याची होती. सुगंधाआत्या, वडिलांची धाकटी बहीण. लग्नानंतर तिसऱ्याच वर्षी कपाळ पांढरं करून भावाकडे आली ती कायमची. आई मीराच्या जन्माच्या वेळीच गेली होती, वडील मीरा दुसरीत असताना गेले. तेव्हापासून कांजूरमार्गच्या दोन खोल्यांत आत्याच आई आणि आत्याच बाप. औषधांच्या कंपनीत पॅकिंगला उभी राहून तिने दोघांना शिकवलं. शरच्चंद्र एम.ए. झाला, तो तिच्या सुजलेल्या पायांवर उभा राहून.

आणि या आत्याला गोडाचं भारी वेड. पगाराच्या दिवशी वडील पुड्यात जिलबी आणायचे, तेव्हा पोरांच्या आधी हीच हात पुढे करायची, आणि पाकाची बोटं चाटून झाल्यावर पुड्याचा कागदही सोडायची नाही. वडिलांच्या तेराव्याला तिने गावच्या रवळनाथाला हात जोडले आणि सांगितलं, ही पोर उजवेपर्यंत जिभेवर गोड ठेवणार नाही. नवस म्हणजे नवस. चहातली साखरसुद्धा तिने तेव्हाच सोडली. गणपतीत मोदक तिने शेकड्यांनी वळले आणि एक चाखला नाही. त्याला आता बारा वर्षं होत आली होती.

म्हणून शरच्चंद्रला ही जिलबी हवी होती. जगातल्या सगळ्या पहिल्या जिलब्यांत सगळ्यात मोठी पहिली जिलबी आज त्याच्या आत्याच्या पानात पडणार होती. दहात मावणारी नव्हे, शंभराची. हा विचार करून तो गेला महिनाभर एकटाच हसत होता.

मुलुंडच्या हॉलमध्ये अक्षता पडल्या आणि पंगती सुरू झाल्या. पहिली पंगत पाहुण्यांची, ती सुरळीत उठली. दुसरी वरपक्षाची. मीरा आणि जावई त्याच पंगतीत, रांगोळीच्या पानांवर. उखाणे झाले, घास झाले, आणि मग मुलाकडचे पुरुष रंगात आले. मुलाचे काका राजारामभाऊ त्यांचे म्होरके. माणूस वाईट नव्हता. फक्त मुलाकडचा होता, आणि त्या एका दिवसापुरतं ते पद माणसाच्या डोक्यात जातं. त्यांनी शेजाऱ्याच्या पानात जिलब्या वाढायला लावल्या. शेजाऱ्याने त्यांच्या पानात वाढायला लावल्या. नको म्हणायचं, पानावर आडवा हात धरायचा आणि बोटांमधून फट ठेवायची, हा खेळ सगळ्यांना पाठ होता. वाढणारी पोरं चेव येऊन धावत होती. पानापानांत अर्धी चावलेली, नुसती मोडलेली जिलबी मठ्ठ्यात भिजत पडली होती.

शरच्चंद्र ते बघत होता आणि आतून कळवळत होता. त्याच्याच फळ्यावरचं चित्र समोर मांडलं होतं. पाचवी, सहावी, सातवी. कुणाच्याही चेहऱ्यावर सुख नव्हतं, नुसती जिद्द होती.

तेवढ्यात त्याचा लहानपणापासूनचा दोस्त नंदू, जो सकाळपासून वाढप्यांवर देखरेख करत होता, त्याला कोपऱ्यात घेऊन गेला.

"शरद, वाट लागली यार. एकच परात राहिलीय."

पीठ संपलं होतं, पाकाची कढई खरवडून झाली होती. नंदू बाहेर दोन दुकानं पालथी घालून हात हलवत परत आला होता. लग्नसराईत आयत्या वेळी जिलबी कोण देणार? उरलेली परात शेवटच्या पंगतीला जेमतेम पुरली असती, पानाला एकेक. शेवटची पंगत म्हणजे चाळीतल्या बायका, पहाटेपासून नारळ खोवणाऱ्या, कांदे चिरणाऱ्या. आणि त्यांच्यात आत्या. विधवा म्हणून ती दिवसभर मांडवाच्या मागेच राहिली होती. कुणी तिला मागे राहा म्हटलं नव्हतं. तिला ते सांगावं लागत नाही, हेच वाईट.

नंदू म्हणाला की आत्यासाठी एक वाटीत झाकून ठेवतो, बाकीची इकडे जाऊ दे, अब्रू वाचेल. पण शरच्चंद्र आत्याला ओळखून होता. शेजारणीच्या पानात जिलबी नसेल तर ती स्वतःच्या पानातली उचलून तिला देईल आणि पाणी पिऊन उठेल. पंगतीला मिळाली तरच आत्याला मिळणार होती.

तिकडे राजारामभाऊंनी हाक मारली. नवरीच्या भावाने स्वतः येऊन वाढल्याशिवाय आपण पाचवीला हात लावणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं. त्यांच्या पानात चौथी अर्धी होती. सगळी पंगत माना वळवून बघू लागली.

शरच्चंद्र परात घेऊन गेला. वाढली असती तर ती एकच जिलबी राहिली नसती. काकांना वाढली की सगळ्या रांगेला वाढावी लागणार होती. तो परात हातात धरून उभा राहिला. मीरा त्याच्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत एकच विनवणी होती, आज काही बोलू नकोस. या घरात तिला जन्म काढायचा होता.

त्याला ते दिसलं. तरी तो बोलला.

"काका, ही मी तुम्हाला वाढणार नाही. तुमचं पोट भरलंय. आमच्या आत्याने बारा वर्षं गोड तोंडात घातलेलं नाही, मीरासाठी. ती अजून जेवायची आहे."

राजारामभाऊंनी अर्धी जिलबी पानाच्या कडेला सारली, पेल्यातलं पाणी हातावर घेतलं आणि उठले.

"मुलीकडच्यांनी जिलबी मोजून आणली होती, हे लक्षात ठेवू आम्ही," ते म्हणाले. आवाज चढवला नाही, म्हणून ते जास्त लागलं.

विडा न घेता ते निघून गेले. त्यांच्यामागे रांग उठली. मीरा खाली मान घालून बसली होती आणि तिच्या पानातला भात तसाच होता. शरच्चंद्रला वाटलं, आपण बहिणीच्या संसाराच्या पहिल्याच दिवशी तिच्या वाटेत खडा टाकला. पण परात त्याने खाली ठेवली नाही.

शेवटची पंगत बसली तेव्हा हॉल रिकामा होत आला होता. आत्या भिंतीकडेला बसली होती, पदर खोचून, दमलेली. मागच्या बाजूला असल्याने तिला काही कळलं नव्हतं. शरच्चंद्रने पहिल्या पानापासून एकेक जिलबी वाढत आणली आणि तिच्या पानापाशी गुडघे टेकून बसला. आजूबाजूच्या बायकांना नवस ठाऊक होता. त्यांचे हात थांबले.

आत्याने जिलबीला हात जोडले. एक तुकडा मोडला, तोंडात घातला, डोळे मिटले. शरच्चंद्र श्वास धरून तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला.

तिच्या कपाळाला आठी पडली. तिने तो तुकडा या गालातून त्या गालात नेला, औषधाची गोळी गिळावी तसा गिळला आणि वर पाणी प्याली. मग घाईघाईने हसली आणि दुसरा तुकडा मोडायला गेली.

"काय झालं आत्या?"

"खय काय? बरी आसा रे."

"खरं सांग."

तिने त्याच्याकडे पाहिलं. खोटं बोलायला ती कधी शिकलीच नव्हती.

"माका आता गोड सोसणा नाय रे. दात शिवशिवतत. कशी लागा होती, ताच आठवणा नाय."

दरवर्षी तो मुलांना लिहून द्यायचा की घटत्या समाधानाचा हा नियम इतर परिस्थिती कायम राहिली तरच लागू पडतो, खाणाऱ्याची आवड बदलता कामा नये. परीक्षेत येतं म्हणून मुलं ते घोकायची आणि तोही घोकून घ्यायचा. बारा वर्षं बिनसाखरेचा चहा पिणाऱ्या बाईची जीभ काय होईल, हे त्याच्या डोक्यात एकदाही आलं नाही. त्याला वाटलं होतं, तिने जिलब्या साठवून ठेवल्यात आणि आज त्या सगळ्या एकदम मिळतील. साठवलेलं काही नव्हतंच. तिने जे सोडलं होतं ते त्या त्या दिवशीच संपलं होतं, आणि कुणाचंही लग्न ते परत आणणार नव्हतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

आत्याने ते पाहिलं. तिला काय वाटलं कुणास ठाऊक, पण तिने जिलबीचा उरलेला भाग सगळाच उचलला आणि म्हणाली, "तू कित्याक तोंड पाडलंस? खातंय मी. उरली आसात तर आनी एक वाढ."

ती दुसरीही खाल्ली असती तिने, आणि तिसरीही. त्याच्या आनंदासाठी पाचवीसुद्धा खाल्ली असती. त्याने तिच्या हातातली जिलबी काढून घेतली.

"नको खाऊस. तुला काय हवंय ते सांग."

आत्या गोंधळली. तिने आपल्या पानाकडे पाहिलं, मग शेजारणींकडे, मग पुन्हा त्याच्याकडे. उत्तर द्यायला तिला इतका वेळ लागला की शेजारची बाई जेवू लागली.

"असा माका कोणी कधी इचारल्यान नाय," ती म्हणाली. "काळ्या वाटाण्याचो सांबारो आसा काय रे उरलेलो?"

तो उठला आणि वाटी आणायला गेला. दादू भांडी विसळायला काढत होता. सांबाऱ्याच्या, त्या तिखट उसळीच्या टोपाच्या तळाशी थोडंसं होतं, ते शरच्चंद्रने पळीने खरवडून घेतलं, जरासुद्धा वाया जाऊ दिलं नाही, आणि वाटी दोन्ही हातांत धरून तिच्याकडे निघाला.