तिसरं गृहीतक

तपासणीच्या तक्त्यात सगळं हिरवं, म्हणजे ‘पास’, दिसलं की प्राजक्ता धास्तावायची. बाकीच्या जगाला लालची भीती वाटते, हिला हिरव्याची. बारा वर्षं सॉफ्टवेअर तपासण्यात गेली की माणूस असाच होतो. घरी कुकरच्या शिट्ट्या नीट झाल्या तरी झाकण उघडून भात दाबून बघणारी बाई ती, ऑफिसात कुणावर डोळे मिटून विश्वास टाकणार?

तळवड्यात रविराजच्या वडिलांनी स्वतःच्या जागेवर जी इमारत बांधली, तिच्या दुसऱ्या मजल्यावर रविराजची छोटी कंपनी होती, प्राजक्ता तिथेच कामाला. पाच-सहा माणसं आणि एक अ‍ॅप, ‘रोकठोक’. चाकणच्या कांदा मार्केटात व्यापाऱ्यानं शेतकऱ्याला, हमालाला, टेम्पोवाल्याला फोनवरून पैसे द्यायचे, एवढंच काम. रविराजचे वडील बबनराव यांनी अर्ध्या मार्केटाला आधीच सांगून ठेवलं होतं की पुढच्या बाजाराला आमच्या पोराचं अ‍ॅप सुरू. बबनरावांनी शब्द दिला, म्हणजे तो पाळायचं काम बाकीच्यांचं.

अ‍ॅप बाहेर सोडायच्या आधी काय काय तपासायचं, याचा टेस्ट प्लॅन प्राजक्तानं लिहिला होता. ही जेमतेम नऊ पानं तिच्या अभिमानाची होती. काय तपासणार आणि काय नाही, कुठल्या फोनवर, कोण, कशाच्या भरवशावर, कधी थांबायचं आणि कधी ‘झालं’ म्हणायचं, सगळं त्यात होतं. शेवटी धोक्यांचा तक्ता आणि त्याखाली सह्या. हाताखाली तपासायला एकच जण होती, इंद्रायणी. चाकणजवळच्या जुन्या गावातली सून, मूल झाल्यावर मोठा खंड पडून पुन्हा नोकरीला लागलेली. तिचं प्रोबेशन सोमवारी संपत होतं.

आणि गुरुवारी इंद्रायणीचा अख्खा रकाना हिरवा झाला. त्यात ‘पैसे पाठवताना मध्येच नेट गेलं तर’ हीसुद्धा ओळ होती.

ती ओळ पहिल्याच फटक्यात पास झालेली प्राजक्तानं जन्मात पाहिली नव्हती. पैशाच्या प्रत्येक अ‍ॅपचं घोडं इथेच अडतं. बटण दाबलं, बँकेकडे निरोप गेला, उत्तर यायच्या आत नेट गेलं. आता पैसे गेले की नाही? अशा वेळी अ‍ॅपनं ‘निकाल बाकी आहे’ असं दाखवून त्याच व्यवहाराची पुन्हा चौकशी करायची असते. ‘फसलं, परत पाठवा’ म्हटलं की संपलं, माणूस परत पाठवतो आणि पैसे दोनदा जातात.

मग प्राजक्ताच्या डोक्यात भुंगा शिरला. इंद्रायणी रोज बसच्या वेळेला पर्स उचलून उभी असते. परवा पॅन्ट्रीत किती वेळ सासूशी फोनवर बोलत होती. मग एवढं तपासलं कधी? खुर्चीत बसून रकाना रंगवला असणार. प्राजक्ताला तसा काही पुरावा मिळाला नव्हता. पण संशयाला पुरावा लागतो कुठे, त्याला फक्त वेळ लागतो, आणि तो तिनं त्याला भरपूर दिला.

त्याच दुपारी रविराजनं केबिनमध्ये बोलावलं. “मॅडम, इंद्रायणीचं काय करायचं? कायम करू का? तुमचा शब्द तो माझा शब्द.”

“मला तिचा भरवसा वाटत नाही,” प्राजक्ता म्हणाली. “न तपासताच पास लिहिते की काय, अशी शंका येते.”

“बरं झालं वेळेत बोललात,” रविराज म्हणाला आणि डायरीत काहीतरी खरडलं. प्राजक्ताला वाटलं, अजून चार दिवस आहेत, आपण खात्री करून घेऊ. केबिनमध्ये टाकलेला शब्द परत उचलता येतो असं तिला उगीचच वाटत होतं.

बाहेर येऊन तिनं प्लॅनमध्ये एक नियम वाढवला: यापुढे प्रत्येक निकालासोबत फोनच्या स्क्रीनचं रेकॉर्डिंग जोडायचं. कारणाच्या रकान्यात ‘पारदर्शकता’ असा गुळगुळीत शब्द घातला. इंद्रायणीनं तो वाचला, मान वर करून एकदा प्राजक्ताकडे पाहिलं आणि पुन्हा कामाला लागली. ती नजर प्राजक्ताला चोरट्याची वाटली. आपण ज्या चष्म्यातून बघतो त्याचा रंग आपल्याला कुठे कळतो!

शुक्रवारी सकाळी प्राजक्ता तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसली. “ती नेटची केस माझ्यासमोर करून दाखव बघू.”

इंद्रायणीनं यादीतला सगळ्यात स्वस्त फोन घेतला. रक्कम टाकली, पिन टाकला, बटण दाबलं आणि लगेच फोन एअरप्लेन मोडवर टाकला. अंगठा असा चपळ की तिनं हे पन्नासदा केलं असणार हे आंधळ्यालाही दिसावं. स्क्रीनवर ‘पैसे पोचले’ आलं. तपासणीसाठीची खोटी बँक उघडून दाखवली, तिथेही एकच नोंद. दुसऱ्या फोनवर तेच. तिसऱ्यावर तेच.

“द्या, तुम्ही करा,” म्हणून तिनं फोन पुढे केला.

प्राजक्तानं केलं. हिरवं. पुन्हा केलं, पुन्हा हिरवं. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. बाई खरं बोलत होती, पहिल्यापासून खरं बोलत होती. पण शरमेच्या मागोमाग जुनी धास्तीही आलीच: मग हे एवढं सोपं कसं?

खोटी बँक म्हणजे त्यांचा प्रोग्रामर क्षितिज यानं बनवलेला छोटा सर्व्हर. तपासणीत खरे पैसे वापरता येत नाहीत, म्हणून बँकेच्या जागी तोच उत्तरं द्यायचा. प्राजक्तानं क्षितिजला हाक मारली. “तुझी बँक उत्तर द्यायला किती वेळ घेते?”

“काहीच नाही. दाबलं की लगेच.”

“आणि खरी?”

“खरी काय, तिच्या मर्जीवर. कधी लगेच, कधी अर्धा मिनिट, गर्दीत कधी उत्तरच नाही.”

म्हणजे एअरप्लेन मोड लागायच्या आत उत्तर येऊन बसलेलं असायचं! मध्येच नेट जाणं ही गोष्ट त्यांच्या तपासणीत कधी घडलीच नव्हती. क्षितिजनं दहा मिनिटांत खोट्या बँकेला उशीर करायला शिकवलं. इंद्रायणीनं पुन्हा बटण दाबलं. नेट बंद केलं. थोड्या वेळानं स्क्रीनवर आलं: ‘व्यवहार फसला. पुन्हा प्रयत्न करा.’ नेट चालू करून तिनं पुन्हा दाबलं. अ‍ॅपनं नवा व्यवहार क्रमांक काढला आणि खोट्या बँकेत दोन नोंदी पडल्या. एका गाडी कांद्याचे दोनदा पैसे.

क्षितिज खुर्चीत खाली घसरला. प्राजक्तानं प्लॅन उघडला. गृहीतकांच्या भागात तिसरी ओळ होती: ‘चाचणीची बँक खऱ्या बँकेसारखीच वागते असे धरले आहे.’ ओळ तिचीच होती. आधीच्या कंपनीच्या प्लॅनमधून तिनं ती जशीच्या तशी आणली होती. साऱ्या जगावर संशय घेणाऱ्या बाईनं स्वतःच्या वाक्यावर तेवढा घेतला नव्हता.

‘तपासणी कधी थांबवायची’ या भागात स्पष्ट लिहिलं होतं: पैसे दोनदा गेल्याचं दिसलं तर सगळं काम थांबेल, दुरुस्ती होऊन ती केस पास झाल्याशिवाय पुढे जायचं नाही. ती रविराजकडे गेली आणि थांबवलं म्हणून सांगितलं. रविराजचा पारा चढला.

“मॅडम, आण्णांनी मार्केटाला शब्द दिलाय! अन् काल तर सगळं हिरवं होतं ना?” मग त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. “हां, तीच ती. तुम्ही म्हणालाच होता, न तपासता लिहिते म्हणून. काढून टाकतो तिला. आण्णांना सांगायला कारणही झालं.”

प्राजक्ताला सुटायची वाट समोर दिसली. एवढं सोपं होतं तर. नुसतं गप्प बसायचं की काम फत्ते. बारा वर्षांच्या नावाला ओरखडा नाही.

“चूक तिची नाही,” ती शेवटी म्हणाली. “तिनं लिहिलं तसंच तपासलं. मी चुकीचं लिहिलं होतं. काल तिच्याबद्दल बोलले तेही खोटं होतं.”

“असं तोंडी नका सांगू. आण्णा विचारतील मला.”

“लेखी देते.”

तिनं लगेच प्लॅनची नवी आवृत्ती काढली. तिसरं गृहीतक खोडलं. त्या जागी धोक्यांच्या तक्त्यात ओळ घातली: बँकेचं उत्तर उशिरा येणं किंवा न येणं; परिणाम – दोनदा वजावट; उपाय – तोच व्यवहार क्रमांक वापरून चौकशी; जबाबदार – क्षितिज. बदलाच्या नोंदीत कारण लिहिलं: ‘प्राजक्ता यांनी न तपासता धरलेले गृहीतक चुकीचे निघाले. तपासणारीने काम प्लॅनप्रमाणेच केले होते; ती न तपासता पास लिहिते ही रविराज यांच्याकडे बोललेली शंका खोटी होती.’ आणि सह्यांसाठी सगळ्यांना पाठवलं. रविराजनं चडफडत सही केली. मार्केटात सुरुवात करणं आठवडाभर पुढे गेलं. बबनरावांनी फोनवर काय काय ऐकवलं ते रविराजलाच ठाऊक.

सोमवारी दुपारी ती केस पास झाली. उत्तर येईपर्यंत अ‍ॅप ‘निकाल बाकी आहे’ म्हणत थांबून राहिलं, पुन्हा पाठवायचं बटण बंद राहिलं, आणि खोट्या बँकेत एकच नोंद पडली. इंद्रायणीनं प्रत्येक फोनचं रेकॉर्डिंग जोडलं. त्याच दिवशी रविराजनं तिच्या हातात कायम केल्याचं पत्र ठेवलं. प्राजक्ता खूश होऊन तिच्या टेबलाशी गेली.

“अभिनंदन गं. माझ्यामुळे तुझं नुकसान होता होता राहिलं.”

इंद्रायणीनं पत्राची घडी घातली. “मी हे घेणार नाही, मॅडम. मला हिंजवडीत नोकरी मिळतीय. नोटिसीपुरती राहीन, दुसरीला सगळं दाखवून जाईन.”

“अगं पण का? मी लिहून दिलं ना सगळं?”

“दिलंत. चांगलं लिहिलंत.” मग ऑफिसची भाषा तिच्या तोंडून गळून पडली. “पर तुमचा संशय आदी कागदावर का न्हाई आला, मॅडम? धोक्यांचा तक्ता त्याच्यासाठीच हाय ना? लिवायचं हुतं, ‘इंद्रायणी न तपासता लिवती, बगून घ्या’. मी तिथंच उत्तर दिलं असतं, समद्यांसमोर. तुमी केबिनचं दार लावून बोललात. आता रविराज सर रोज माज्याकडं बगतात तवा त्यांच्या मनात काय येतं, ते मला कसं कळायचं? अन् तुमच्या मनात?”

प्राजक्ताला म्हणायचं होतं, आता काहीच नाही. पण तिला स्वतःचा स्वभाव माहीत होता, आणि समोरचीलाही तो कळून चुकला होता. खोटं बोलायची हिंमत तिच्यात उरली नव्हती. इंद्रायणीनं स्वस्त फोन चार्जिंगला लावला आणि विचारलं, “पुढची केस घेऊ का?”