तिसरं क्षेत्र

सरांचा वर्ग काढून घ्यायचा की नाही, हे ठरवायला विभागप्रमुख बाई शेवटच्या बाकावर येऊन बसल्या होत्या. काय एकेक कामं येतात बघा माणसाच्या वाट्याला! बाईंना बीजगणित शिकवलं ते याच सरांनी, आणि सर विसरतात म्हणून विद्यार्थ्यांच्या तक्रारी येऊन पडल्या त्या बाईंच्याच टेबलावर. आजचा धडा मात्र सरांच्या हातचा मळ होता: एकाच्या आठव्या मुळांचं क्षेत्र. हा नीट झाला की तक्रारी गेल्या चुलीत, असं बाईंनी मनाशी पक्कं केलं होतं.

सुरुवात तर झकास झाली. झीटा हे आठवं मूळ. त्याला पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या किंवा सातव्या घातावर नेता येतं. "चौघांचा गट! कुणालाही दोनदा चालवा, गाडी मूळपदावर. म्हणून दोघादोघांचे उपगट तीन. प्रत्येकाचं मधलं क्षेत्र वेगळं, म्हणजे तो ज्या संख्यांना हलवत नाही त्यांचं. लावा जोड्या!"

पाचसमोर झीटाचा वर्ग, म्हणजे आय. पाच त्याला हलवत नाही. सातसमोर झीटा अधिक झीटाचा सातवा घात, म्हणजे रूट टू. बाईंचा जीव भांड्यात पडला.

तीनसमोर सरांनी लिहिलं, रूट टू.

"सर, रूट टू सातला दिलंय ना," पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली.

"अरेच्चा!" सरांनी तीन चालवून बघितला. तिसरा घात अधिक पाचवा. "उणे रूट टू! हलला की लेकाचा." त्यांनी पुसलं, डस्टर ठेवलं, खडू उचलला आणि पुन्हा तेच लिहिलं. रूट टू.

बाई उठून फळ्यापाशी गेल्या. झीटा अधिक झीटाचा तिसरा घात. तीन त्यांची फक्त अदलाबदल करतो, बेरीज जागची हलत नाही. ती आय रूट टू. सर बघत राहिले.

बाहेर व्हरांड्यात बाई म्हणाल्या, "आज तुम्हाला बरं नव्हतं, असं कळवते मी."

"खोटं बोलू नकोस गं. चूक दाखवली की कळते मला, पण पुसून होईपर्यंत टिकत नाही. पोरांचं नुकसान नको. वर्ग तू घे." मग जरा अडखळून म्हणाले, "मला नुसतं बसू देशील?"

बाईंना रडू आवरेना. त्यांनी होकारार्थी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सर पहिल्या बाकावर, त्या मुलीशेजारी. बाईंनी उजळणी घेतली. पाचला आय, सातला रूट टू. "आणि तीनला?"

एकच हात वर झाला. तो दिसलाच नाही असं करावं, असं बाईंना फार वाटलं. पण या माणसाने त्यांचा वर आलेला हात कधी टाळला नव्हता.

"सांगा, सर."

"रूट टू!" सर केवढ्या आनंदाने म्हणाले.

शेजारच्या मुलीने मान खाली घातली. बाई फळ्याकडे वळल्या, आणि बराच वेळ त्यांना वर्गाकडे तोंड करता आलं नाही.