शेल्याच्या दुमडीतला हिरवा

हे लिहायचं नाय असंच ठरवलं होतं, कारण दोघंही ओळखीचे. पण गावात अर्धीच गोष्ट फिरतेय.

धसईचा साईनाथ शहापूरला ऋतिककडे आला, हातात गावच्या देवीचा जुना सुती शेला. ऋतिक जुनी कापडं दुरुस्त करतो, म्युझियमवालेही त्याच्याकडं देतात. शेल्याला भोकं पडली तेव्हा शाळेपासूनचा दोस्त म्हणून साईनाथनंच तो त्याच्याकडं दिला होता. परत देवळात नेला तर लोक म्हणाले, आपला तर हिरवा होता, हा निळा कसा? मग कुजबुज सुरू. ऋतिकनं खरा विकला आणि हा बदलून दिला, हे पहिल्यांदा साईनाथच बोलला होता.

साईनाथनं मोबाईलमधला फोटो समोर धरला. नव्या देवळात शेला काचेच्या कपाटात लावला त्या दिवशीचा. हिरवागार.

ऋतिक म्हणाला, माझ्याकडं आला तेव्हा निळाच होता, माझ्याकडंही फोटो आहे. साईनाथला ते पटेना. फोटो काय, तुझाच.

"कपाट कुठं आहे? पूर्वेच्या खिडकीसमोर ना?" ऋतिक म्हणाला. "हिरवा म्हणजे निळीवर हळद. हळदीला ऊन सोसत नाय, ती रोज थोडी थोडी उडाली, म्हणून कुणाला कळलं नाय. नीळ राहिली."

"मग काठाचा लाल का नाय उडाला? ऊन काय बघून पडतं?"

"तो मंजिष्ठेच्या मुळीचा, तुरटी लावून रंगवलेला. तो पण उतरलाय, पण हळू. नीळ उन्हाला टिकते, घासली की मात्र जाते. ह्या घडीच्या रेघा बघ, पांढुरक्या."

साईनाथनं रेघा बघितल्या. रेघा पण करता येतात, असं त्याच्या मनात आलंच. तो म्हणाला, "काठाची दुमड उसव. तू म्हणशील तिथं नाय, मी दाखवीन तिथं."

त्यानं मुद्दाम एक अडचणीचा कोपरा दाखवला, जुना टाका असलेला. ऋतिकनं दोरा कापून दुमड उघडली. आत हिरवा. फोटोतल्यासारखा. शेजारचा लालही आत जरा गडदच होता.

साईनाथची शंका तरी जाईना. बाजारचा नवा रंग कोणी भरून ठेवला असला तर?

ऋतिकनं आतला सुटलेला एक धागा स्पिरिटच्या कापसात दाबला. कापूस पिवळा झाला. मग हात पुढं केला. "चुना दे."

साईनाथनं तंबाखूची डबी काढली. चुना लागताच पिवळा डाग लालभडक झाला, घरात हळदीच्या कपड्याला साबण लागला की होतो तसा.

"हळदच," साईनाथ म्हणाला. "आणि कपाट तिथं मीच लावायला सांगितलं."

"ते नंतर बघू. म्हसा गावच्या जत्रेत मला बघून लोक तोंड फिरवतात, ते आधी बघ."

साईनाथ शेल्याची घडी न घालता उभा राहिला. "उद्या देवळात सगळ्यांसमोर उघडून दाखवतो. आणि तू चोर असल्याचं मीच पहिलं बोललो, ते पण सांगतो. शब्द दिला."