तक्रारीचा फोन

नुकत्याच सुरू केलेल्या सोफे धुण्याच्या धंद्याचा आराखडा मेहुण्याने झकास लिहिला होता. "तक्रार शांतपणे ऐकायची, नोंदवायची, दोन दिवसांत काम फुकट परत करायचं." उद्या कर्जासाठी बँकेत जायचं म्हणून तो नुसता येरझारा घालत होता. मला राहवेना. शेजारच्या खोलीतून बायकी आवाजात फोन लावला.

"अहो, तुम्ही धुतलेल्या सोफ्याला कुबट वास येतोय!"

"पंखा लावला नसेल तुम्ही! मी स्वतः धुतलाय, बाई."

मी हसत बाहेर आलो. त्याचा चेहरा उतरला. "दाजी, हे काय!"

"नोंद कुठंय? जो धुतो, त्यानं काम तपासायचं नाही अन् तक्रारही घ्यायची नाही."

"आण तो धंद्याचा फोन इकडे, तक्रारी मी घेईन," बायको भावाला म्हणाली. तसं आराखड्यातही बदललं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं बँकेत गेलो. साहेबांनी ते पान वाचलं आणि तिथूनच त्यावरचा नंबर फिरवला. मेहुण्याचा हात सवयीने खिशाकडे गेला. साहेबांनी स्पीकर लावला.

"सोफा ओला आहे," साहेब म्हणाले.

"नाव, पत्ता सांगा. उद्या सकाळी मी बघायला येते," बायको म्हणाली. "आणि पुन्हा आवाज बदलून फोन केलात, तर आज जेवण बंद!"

साहेब खो खो हसले आणि पानावर बरोबरची खूण केली.